गोमुख मागे सरकतंय, मग दिल्लीच्या नळाचं काय?

यमुनापार
मी पूर्व दिल्लीत राहते. आमच्या भागात येणारं पाणी सोनिया विहारच्या केंद्रातून येतं, म्हणजे मूळ गंगेचं. टिहरी धरणातून सुटलेलं पाणी हरिद्वारला गंगा कालव्यात वळतं, मुरादनगरला कालव्यातून उचललं जातं आणि तिथून मोठ्या नळाने दिल्लीत येतं, एवढं मला माहीत आहे. गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीला बरेच दिवस टँकर मागवावे लागले. तेव्हा शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "गंगोत्रीची हिमनदी वितळून संपत चाललीय, आता दरवर्षी हेच होणार." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख, दरवर्षी मागे जातंय हे वाचते. पण हिमनदी वितळते आहे म्हणजे पाणी वाढायला हवं ना? मग कमी कधी होणार, आणि आमच्यापर्यंत त्याची झळ किती पोचणार? इथे या क्षेत्रातलं कोणी असेल तर नीट समजावून सांगाल का?

रानपाखरू
मी गोमुखला जाऊन आलोय. भोजवासाच्या पुढे दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचे उंच बांध दिसतात. हिमनदी एकेकाळी किती जाड होती ते त्यावरून कळतं. आत्ताचं मुख बघून वाईट वाटलं. वर्षाला वीस-बावीस मीटर मागे जातंय, त्यामुळे हिशोब सरळ आहे: गंगा हिमनदीतून निघते, हिमनदी संपली की गंगा पावसाळ्यापुरती उरणार. २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या जाणार असं आंतरराष्ट्रीय अहवालातच होतं.

जलमापक
रानपाखरू, २०३५ चं ते वाक्य आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या अहवालात होतं खरं, पण ते चुकीचं होतं आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनेच ते मान्य केलं. पुरावा नसलेलं वाक्य तपासणीतून सुटून छापलं गेलं होतं. हिमनद्या घटताहेत यात शंका नाही, फक्त त्या दहा वर्षांत संपणाऱ्या नाहीत.

माझी बरीच नोकरी हिमालयातल्या नद्यांचे प्रवाह मोजण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मुख किती मीटर मागे गेलं या आकड्यावरून पाण्याबद्दल फार थोडं कळतं. गंगोत्रीच्या मुखाचा नकाशा १९३५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ऑडन यांनी काढला होता. तेव्हापासूनची सरासरी वर्षाला वीस मीटरच्या आसपास येते. पण ही हिमनदी तीसेक किलोमीटर लांब आहे आणि तिचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे. दगडांचा थर जाड असला की खालचं बर्फ उन्हापासून वाचतं. मुख जागच्या जागी राहतं आणि हिमनदी वरून पातळ होत जाते. एखाद्या वर्षी मुखाचा मोठा कडा कोसळला की आकडा एकदम फुगतो, पण त्या वर्षी पाणी जास्त आलेलं असतंच असं नाही. पाण्याचा अंदाज हवा असेल तर बर्फाची जाडी किती घटली ते बघावं लागतं.

ते कसं मोजतात तेही सांगतो. वाफेच्या यंत्राने बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडायचं आणि त्यात बांबूच्या काठ्या एकीला एक जोडून उभ्या सोडायच्या. उन्हाळा सरत आला, सप्टेंबर संपता संपता, की परत जाऊन काठी किती उघडी पडली ते मोजायचं. तीन मीटर उघडी पडली असेल तर तिथे तीन मीटर बर्फ गेलं, म्हणजे साधारण २.७ मीटर पाणी. वरच्या भागात, जिथे बर्फ साठत राहतं, तिथे खड्डा खणून त्या वर्षीच्या थराची जाडी आणि घनता मोजायची. खालची घट आणि वरची भर यांची वजाबाकी केली की वर्षाचा ताळेबंद निघतो. भागीरथीच्या खोऱ्यात डोकरियानी नावाच्या छोट्या हिमनदीवर डेहराडूनच्या वाडिया संस्थेने असं काम केलेलं आहे. गंगोत्रीएवढ्या मोठ्या हिमनदीवर सगळीकडे काठ्या रोवणं शक्य नाही, तिथे उपग्रहावरून उंचीतला फरक काढतात.

गोदाकाठ
माहितीपूर्ण धागा. एक शंका: याचा आमच्या नाशिकच्या पाण्यावर काय परिणाम होईल? गोदावरीलाही दक्षिण गंगा म्हणतात. गंगापूर धरण दर उन्हाळ्यात तळ गाठतं, ते यामुळेच का?

जलमापक
नाही हो. गोदावरी, कृष्णा, भीमा या सगळ्या पावसाच्या नद्या. सह्याद्रीत बर्फ नाही, त्यामुळे हिमनद्यांचा तिथे थेट संबंध येत नाही. गंगापूर धरणाचं गणित पाऊस, उपसा आणि गाळ यांचं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही बोलू.

यमुनापार, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हिमनदीतून येणाऱ्या पाण्याचे दोन भाग मनात वेगळे ठेवा. एक भाग म्हणजे दर हिवाळ्यात पडलेलं आणि उन्हाळ्यात वितळून गेलेलं पाणी. हिमनदी अगदी तब्येतीत असली तरी ते येतच असतं. दुसरा भाग जुन्या साठ्यातला, जो परत भरला जात नाही. आज आपल्याला जास्तीचं मिळतंय ते या दुसऱ्या भागातून.

तो किती आहे याचा ढोबळ हिशोब करू. गोमुखाच्या खाली तीनेक किलोमीटरवर भोजवासाला रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने उन्हाळी महिन्यांत प्रवाह मोजलेला आहे. त्या ठिकाणाच्या वर सुमारे ५५६ चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे आणि त्यात २८६ चौरस किलोमीटरवर बर्फाळ हिमनद्या आहेत. भागीरथीच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांची जाडी वर्षाला पाण्याच्या हिशोबात ०.३ ते ०.५ मीटरने घटते असं धरू. मधला आकडा घेतला, ०.४, तर २८६ चौरस किलोमीटरवर वर्षाला साधारण साडेअकरा कोटी घनमीटर पाणी जुन्या साठ्यातून निघतं. ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वाहून जातं असं मानलं तर सेकंदाला अकरा घनमीटर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये भोजवासाला प्रवाह सेकंदाला शंभर घनमीटरच्या आसपास असतो. म्हणजे अगदी हिमनदीच्या दारातसुद्धा जास्तीचा भाग एक दशांशाच्या आसपास.

आता खाली टिहरीला या. तिथलं पाणलोट साडेसात हजार चौरस किलोमीटर, बहुतेक सगळं पावसाचं आणि हिवाळी बर्फाचं. धरणाचा वापरता येणारा साठा सुमारे २६१ कोटी घनमीटर. साडेअकरा कोटी म्हणजे त्याच्या चार-साडेचार टक्के. दुसऱ्या छोट्या हिमनद्या धरल्या तर थोडं वाढेल, पण चित्र बदलणार नाही.

यमुनापार
हे वाचून जरा धीर आला, पण मी उलटा हिशोब करून बघितला. टिहरीतून दिल्लीला ३०० क्युसेक मिळतात असं वाचलं होतं. वर्षाचे ते २६-२७ कोटी घनमीटर होतात. मग तुमचे साडेअकरा कोटी हे दिल्लीच्या वाट्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त झाले! हे कमी कसं म्हणायचं?

जलमापक
हिशोब बरोबर आहे तुमचा, आणि प्रश्नही नेमका आहे. पण ते पाणी दिल्लीच्या नावाने वेगळं येत नाही. हरिद्वारला गंगा कालव्याची क्षमता साडेदहा हजार क्युसेकची आहे. त्यातले तीनशे दिल्लीचे, दोनशे उत्तर प्रदेशातल्या शहरांचे आणि बाकी जवळजवळ सगळं शेतीचं. पाणी घटलं तर कोणाचं घटवायचं हे वाटपाचे नियम ठरवतात. राष्ट्रीय जलनीतीत पिण्याचं पाणी आधी, शेती नंतर. त्यामुळे नदीत पाच टक्के कमी झाले तर दिल्लीच्या नळावर ते पाच टक्के दिसण्याआधी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या पाळ्या उडतील. मेरठ-बुलंदशहरच्या पुढच्या उसाला हे आधी जाणवेल. मला या विषयात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, कारण शहरात नळाला पाणी आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो.

आणि तुमचा ऑक्टोबरचा टँकर. उत्तर प्रदेशचा पाटबंधारे विभाग दरवर्षी दसरा ते दिवाळीच्या सुमारास गाळ काढायला आणि दुरुस्तीला हरिद्वारला कालवा बंद करतो. त्या काळात मुरादनगरची उचल थांबते आणि सोनिया विहारचं पाणी कमी होतं. तुमचे दिवस त्याच सुमारासचे होते का ते बघा. ती टंचाई असेल तर तिचा हिमनदीशी काही संबंध नाही.

यमुनापार
अगदी त्याच दिवसांतलं आहे! नवरात्र संपल्यावर सुरू झालं आणि दिवाळीत सुटलं. शेजारच्या काकांना दाखवते.

शंकासुर
म्हणजे सगळा बाऊच आहे तर. काराकोरममधल्या कितीतरी हिमनद्या स्थिर आहेत, काही पुढेही सरकल्या आहेत हेही छापून आलंय. चार टक्क्यांसाठी इतका गाजावाजा कशाला?

लेहवासी
शंकासुर, मी गेली काही वर्षं लेहजवळच्या गावांमध्ये शेतीच्या पाण्याचं काम करतो. इथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पर्जन्य पडतं. गंगेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टला हिमनदी वितळते तेव्हा वर पाऊसही धो धो पडत असतो, म्हणून ती चार टक्क्यांत बसते. इथे पावसाचा आधार जवळजवळ नाहीच. काराकोरमच्या स्थिर हिमनद्याही इथल्या शेताला पाणी देत नाहीत. आमच्या गावांच्या वर, पाच हजार मीटरच्या पुढे, छोट्या छोट्या हिमनद्या आहेत. जवाची पेरणी एप्रिलअखेर ते मेमध्ये होते आणि त्या हिमनद्या नीट वाहायला लागतात जूनमध्ये. मधल्या पाच-सहा आठवड्यांत पाटाला येतं ते खालच्या उतारावरच्या हिवाळी बर्फाचं पाणी. ज्या वर्षी तो बर्फ कमी, त्या वर्षी पेरणी अडते. गावात 'चुरपोन' असतो, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा. मेमध्ये त्याची जी ओढाताण होते ती जवळून बघितली आहे. कोणाचं शेत आधी भिजवायचं यावर रात्री उशिरापर्यंत बसतात लोक, आणि पाणी मात्र पहाटे सगळ्यात कमी असतं, कारण थंडीने वरचं वितळणं थांबलेलं असतं.

रानपाखरू
हे मी गोमुखलाही पाहिलं. सकाळी ओढा सहज ओलांडता आला, दुपारनंतर तोच ओढा गढूळ होऊन अंगावर आला. गाइड सांगत होता की परत यायला उशीर करायचा नाही.
लेहवासी, ते बर्फाचे स्तूप यासाठीच आहेत ना? ते सगळीकडे केले तर प्रश्न सुटेल.

लेहवासी
हो, यासाठीच. आधी चेवांग नोरफेल यांनी ओढ्याचं पाणी हिवाळ्यात सावलीतल्या उतारावर पसरवून गोठवायला सुरुवात केली, नंतर २०१३-१४ च्या सुमारास सोनम वांगचुक यांनी स्तूप उभे केले. वरून नळीने पाणी आणायचं, उंचीच्या फरकामुळे ते उभ्या नळीतून कारंज्यासारखं वर उडतं आणि कडाक्याच्या थंडीत पडता पडता गोठतं. शंकूचा आकार असला की ऊन लागणारा पृष्ठभाग कमी, त्यामुळे तो मेपर्यंत टिकतो.

पण सगळीकडे जमत नाही. प्रवाह जरा मंदावला की नळीच गोठते आणि रात्रीच्या रात्री फुटलेली जागा शोधत फिरावं लागतं. दुसरं, हिवाळ्यात वाहणारं पाणी कोणाचं हाही प्रश्न येतो. खालचं गाव म्हणतं, ते आमच्या झऱ्यांत मुरणार होतं. आणि मुळात स्तूप नवीन पाणी तयार करत नाही, हिवाळ्याचं पाणी मेपर्यंत धरून ठेवतो. एका गावाची पेरणी निघते. सिंधूच्या मोठ्या कालव्यांसाठी त्याचा उपयोग नाही.

जलमापक
लेहवासींनी फरक नेमका सांगितला. सिंधू आणि गंगा यांची तुलना २०१४ मध्ये लुट्झ आणि सहकाऱ्यांनी डोंगराळ भागापुरती केली होती. वरच्या सिंधूत सुमारे ४० टक्के पाणी हिमनद्यांचं, वरच्या गंगेत साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, आणि गंगेत दोन तृतीयांश पावसाचं. हे जुन्या साठ्याचं नव्हे, हिमनदीवरून येणारं सगळं वितळपाणी आहे. शंकासुर, काराकोरमबद्दल तुमची माहिती बरीचशी बरोबर आहे, पण ती बाकीच्या हिमालयाला लावता येत नाही. काठमांडूच्या इसिमोड संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांची घट २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने झाली. काराकोरमची स्थिरताही अलीकडे डळमळीत व्हायला लागली आहे.

कॅल्गरीकर
आमच्याकडचं एक उदाहरण देते, कारण वार्षिक टक्क्यांवर विसंबू नये हे मला इथे आल्यावर कळलं. कॅल्गरीचं बरंचसं पाणी बो नदीतून येतं आणि ती रॉकी पर्वतातून बॅन्फवरून येते. १९५२ ते १९९३ च्या आकडेवारीवर एक अभ्यास झाला होता, त्यात बॅन्फजवळ हिमनद्यांच्या घटीतून आलेलं जास्तीचं पाणी वर्षाच्या प्रवाहाच्या दोन टक्क्यांहून कमी निघालं. कोणीही म्हणेल की सोडून द्या. पण १९७० हे कोरडं वर्ष होतं आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तोच वाटा अर्ध्याहून जास्त होता. हिमनदी भरल्या वर्षी दिसत नाही, पण बर्फ आणि पाऊस दोन्ही हुकतात तेव्हा नदी तिच्यावर उभी असते. अल्बर्टा सरकारने २००६ मध्ये बो खोऱ्यात नवे पाणीपरवाने देणं बंद केलं, कारण असलेलं पाणी आधीच वाटून संपलं होतं. अशा नदीत कोरड्या ऑगस्टची भर गेली तर काय, ही इथली खरी काळजी आहे.

यमुनापार
मग तोच प्रश्न आमच्यासाठी विचारते. टिहरीला असा 'ऑगस्ट' कोणता?

जलमापक
मे आणि जून. टिहरी पावसाळ्यात भरतं, पूर्ण पातळी ८३० मीटर. मग हिवाळा-उन्हाळाभर वीज, शेती आणि पिण्यासाठी उतरत जातं आणि जूनच्या मध्यापर्यंत ७४० मीटरच्या तळपातळीकडे येतं. तेव्हा धरणात साठा नसतो आणि पाऊस यायचा असतो. त्या सहा-सात आठवड्यांत भागीरथीत येणारं पाणी मुख्यतः हिवाळी बर्फ वितळून आलेलं असतं, आणि जसजसा बर्फ वर सरकत जातो तसतशी हिमनदीच्या उघड्या बर्फाची त्यात भर पडते. हिवाळी बर्फ भरपूर असेल तर हिमनदीची फारशी गरज लागत नाही. तो कमी पडला आणि मान्सूनही लांबला, तर जूनअखेरीस जे काही येईल ते वरच्या बर्फावरून.

म्हणून मला मुखाच्या मागे जाण्यापेक्षा हिवाळी बर्फाची जास्त काळजी वाटते. इसिमोडच्या २०२५ च्या पाहणीत हिंदुकुश-हिमालयात हिवाळी बर्फाचा टिकाव, म्हणजे तो जमिनीवर किती काळ राहतो ते प्रमाण, सरासरीपेक्षा जवळजवळ २४ टक्के कमी होता, २३ वर्षांतला नीचांक, आणि सरासरीखाली जाण्याचं ते सलग तिसरं वर्ष.

तुमचा 'पाणी वाढायला हवं ना' हा प्रश्न राहिला. हो, आधी वाढतं. वितळण्याचा वेग वाढतो तोवर प्रवाह चढतो, मग बर्फाचं क्षेत्रच इतकं आक्रसतं की वेग जास्त असूनही एकूण पाणी उतरायला लागतं. पेरूमध्ये सांता नदीच्या उपखोऱ्यांपैकी बहुतेकांत हा उतार कधीच सुरू झालाय. हिमालयातल्या मोठ्या खोऱ्यांसाठी अंदाज या शतकाच्या मध्याच्या आसपासचा आहे. छोट्या हिमनद्या आधी उतरतात, त्यामुळे लेहच्या वरच्या हिमनद्या आणि गंगोत्री यांचं वेळापत्रक एक नसेल.

शंकासुर
हे पटलं. पण मग मे-जूनचे आकडे दाखवा ना. गेल्या पंचवीस वर्षांत टिहरीला या दोन महिन्यांत येणारं पाणी वाढलंय की घटलंय? वाद तिथेच मिटेल.

जलमापक
मिटला असता. पण गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या आंतरराष्ट्रीय नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी सरकारने गोपनीय ठेवली आहे. संशोधकांना परवानगी काढून, अटींवर मिळते, आणि प्रसिद्ध करताना पुष्कळ गोष्टी गाळाव्या लागतात. सामान्य नागरिकाला भोजवासाचे जुने निबंध वाचायला मिळतील, पण धरणात रोज किती पाणी आलं याची दीर्घ मालिका नाही. दिल्लीसारख्या शहराने आपल्या तीनशे क्युसेकचं नियोजन करताना हे आकडे उघडपणे मागायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

रानपाखरू
हिवाळ्यात गंगेत जे पाणी दिसतं ते मग कुठलं? डिसेंबरमध्ये वर सगळं गोठलेलं असताना देवप्रयागला नदी चांगली वाहत होती.

जलमापक
बराचसा भाग झऱ्यांचा आणि डोंगरात मुरलेल्या पाण्याचा, शिवाय देवप्रयागला भागीरथीत टिहरीतून सोडलेलं पाणीही असतं. डोंगरातली गावं तर हिमनदीवर नाही, झऱ्यांवरच जगतात. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात भारतीय हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चालल्याचं म्हटलं होतं. त्याची कारणं वेगळी आहेत: रस्ते, बोगदे, बदललेली जंगलं, पावसाची बदललेली रीत. यातलं किती कशामुळे, यावर आमच्यातही एकमत नाही.

लेहवासी
झऱ्यांवर वेगळं लिहा ना. आमच्याकडे दोन गावांत हिमनदी आहे तशीच दिसते, पण झरा आटलाय, आणि लोक दोष हिमनदीला देतात. नेमकं कसं ओळखायचं ते समजून घ्यायचंय.

जलमापक
लिहितो. तोवर एक करून बघा. झऱ्याच्या पाण्याचं तापमान आणि दर मिनिटाला किती लिटर पडतं ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, बादली आणि घड्याळ घेऊन नोंदवा. हिमनदीतून थेट येणाऱ्या पाण्याची धार सकाळ-संध्याकाळ बदलते आणि उन्हाळ्यात ते गढूळ होतं. झरा दिवसभर सारखा वाहतो आणि त्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. जूनपर्यंतच्या नोंदी झाल्या की इथे टाका, बघू काय निघतं ते.